ढोल आधीपासून वाजत असतो

त्या माणसाची फजिती व्हावी म्हणून मी आठ दिवस तोंड शिवून बसले होते. याची लाज मला आता वाटते. तेव्हा मात्र मजा वाटत होती.

मी गेमसाठी संगीत करते. नंदुरबारला घरीच बसून, पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी. गेम जंगलातला होता. खेळणारा रानात भटकत असताना नुसती पावरी, म्हणजे आदिवासींचं ते फुंकून वाजवायचं वाद्य, ऐकू यायची, शत्रू अंगावर आला की ढोल. पण गाणं बदललं हे कानाला कळता कामा नये, अशी अट होती.

याचं उत्तर मला अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यावर होळीत सापडलं होतं. तिथे नाचाची चाल बदलते तेव्हा मोठा ढोल थांबत नाही. एक जण मूळ ठेका धरून ठेवतो आणि बाकीचे त्याच्यावर चढतात, उतरतात. तोच मोठा ढोल वाजवणारे काका मी गाठले. तीन मिनिटं सलग वाजवून घेतलं. घड्याळासारखा ठोका कानात लावला असता तर त्यांचा हात आखडला असता, म्हणून तो लावलाच नाही. मग त्यांचा ढोल ऐकवत त्याच्यावर पावरी वाजवून घेतली. ढोल जिथे जरासा धावतो, तिथे पावरीही धावते.

त्यामुळे दोन्ही फाइली एकाच क्षणी सुरू करायच्या आणि शेवटपर्यंत सोबत फिरवत ठेवायच्या. ढोल पहिल्यापासून वाजतच असतो, फक्त त्याचा आवाज शून्यावर असतो. शत्रू दिसला की दोनेक सेकंदांत तो वर आणायचा, लढाई संपली की सावकाश खाली न्यायचा. काही सुरू होत नाही, काही थांबत नाही, मग सांधा ऐकू येणार कुठून?

आमच्या संगीतप्रमुखाला हे मी लिहून पाठवलं होतं. त्यानं उत्तर दिलं, "तू गावाकडचं रेकॉर्डिंग बघ, गेमच्या इंजिनचं मी बघतो." पुढच्याच मीटिंगमध्ये त्यानं होळीच्या ढोलाची कल्पना स्वतःची म्हणून सांगितली. माझं नाव नाही, काकांचं तर नाहीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग त्याची तयार आवृत्ती माझ्याकडे तपासायला आली. शहाण्यानं शत्रू दिसल्यावर ढोलाची फाइल पहिल्यापासून सुरू केली होती! पावरी मध्यावर आणि ढोल आरंभाला. दोघांचं जमणार कसं? मी "ऐकलं" एवढंच कळवलं. माझ्या लॅपटॉपवर मात्र चूक दुरुस्त करून ठेवली आणि गेमच्या प्रकाशकांना व्हिडिओ कॉलवर दाखवायच्या दिवसाची वाट बघत बसले. बघ म्हटलं, भर सभेत तोंडावर आपटतोस की नाही.

त्या दिवशी काकांना मुद्दाम घरी बोलावलं. ते धुतलेलं पागोटं बांधून आले. वर पाड्यावर ते त्यांची भाषा बोलतात, माझ्याशी बाजारातली अहिराणी. स्क्रीनवर पावरी वाजली, ते हसले. शत्रू आला आणि ढोल धाडकन मध्येच पडला, पावरीशी भांडत. प्रकाशकांच्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मला गुदगुल्या होत होत्या.

प्रमुख शांतपणे म्हणाला, "माफ करा, तो ढोलवाला गावातला आहे. तालात नव्हता."

काकांना मराठी कळते. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि माइक चालू केला.

"ढोल तालात आहे. तुम्ही तो उशिरा सुरू केलात," मी म्हणाले आणि माझी आवृत्ती चालवली. रानातून लढाईत, लढाईतून रानात. कुठेही सांधा नाही. काकांची बोटं टेबलावर आपोआप चालू लागली. बाईंनी विचारलं, हे कुणाचं काम? मी दोन नावं सांगितली, आधी काकांचं. होळीचं सगळं सांगितलं, माझं जुनं पत्रही उघडून दाखवलं. प्रमुखानं सगळ्यांदेखत काकांची माफी मागितली. आठ दिवस जे मनात घोळवलं होतं ते सगळं मिळालं, व्याजासकट.

कॉल संपल्यावर मी चहा टाकायला उठले. काका तसेच बसून होते.

"पोरी, तुन्हा डब्बामा ते आधीच नीट व्हतं," लॅपटॉपकडे बोट करत ते म्हणाले. "तुले मालूम व्हतं?"

"हो."

"मंग काबरं सांगं नही? चार लोकस्ना समोर मन्हा ढोल खोटा वाजना."

  चहा न घेताच काका अक्कलकुव्याच्या गाडीला निघून गेले.

गेममध्ये आता त्यांचं नाव पहिलं येतं. प्रमुखानं त्यांची माफी मागितली. मी अजून मागितलेली नाही.