चिंतू राऊतांचं गवत

भगवंत चुरी पालघरच्या नागोराव सावे यांच्या हिशेबाच्या कचेरीत उमेदवारी करायला लागला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. आधी दोन वर्षं त्याने शाळेत गणित शिकवलं होतं. तिथे उत्तर चुकलं तर पोराच्या पाठीत धपाटा बसायचा. इथे उत्तर चुकलं तर नागोराव चष्मा काढून नुसते बघत राहायचे, आणि भगवंतला धपाटा परवडला असता असं वाटायचं.

सदुसष्ट सालच्या मे महिन्यात नागोरावांनी त्याला पहिलं स्वतंत्र काम दिलं. पाम गावचे चिंतू राऊत यांच्या मार्चअखेरच्या वर्षाच्या उत्पन्नाची आकारणी.

"सोपं आहे," नागोराव म्हणाले. "एक घर भाड्याने, थोडा भात, थोडं गवत. उत्पन्न कशाचं ते आधी ठरवायचं, मग त्या त्या सदरात घालायचं. आकडे शेवटी."

भगवंतने तसंच केलं. बोईसरला राऊतांचं घर होतं. तारापूरच्या अणुकेंद्राचं बांधकाम सुरू झाल्यापासून तिथे एक ओव्हरसियर राहत होता, महिना दोनशे रुपये भाड्याने. वर्षाचे चोवीसशे. घरपट्टी भाडेकरूच भरायचा. दुरुस्तीसाठी कायद्याने एक षष्ठांश, म्हणजे चारशे, वजा. उरले दोन हजार. भात शेतीचा, त्यावर आयकर नाही. गवतही जमिनीतूनच येतं, म्हणून तेही त्याने शेतीतच घातलं. एकूण करपात्र उत्पन्न दोन हजार. मर्यादेच्या बरंच खाली, कर शून्य. भगवंतने शून्याखाली दोन रेघा ओढल्या आणि खूश होऊन अशिलाला बोलावलं.

चिंतू राऊत पन्नाशीचे, धोतर स्वच्छ, मिशी जपलेली. त्यांनी शून्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्ये काय?"

"काका, तुम्हाला काही भरायचं नाही."

"कायच नाय?"

"एक पैसाही नाही."

राऊतांचा चेहरा पडला. "तुमी मास्तर होता म्हणं. मंग असा कसा भोपळा दिला मला?"

खुर्ची पुढे ओढून त्यांनी खरं दुखणं सांगितलं. त्यांच्या मुलीचं, हंसाचं, लग्न केळव्याच्या एका घरात ठरत होतं. मुलाच्या बापाच्या ओटीवर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, कर लागल्याची इन्कमटॅक्सची ऑर्डर काच लावून टांगलेली होती. आल्यागेल्याला तो माणूस ती दाखवायचा. राऊतांना ती दोनदा वाचून दाखवण्यात आली होती.

"आता मी काय दाखवू? हा भोपळा?"

नागोराव आतून सगळं ऐकत होते. ते बाहेर आले, भगवंतचा कागद घेतला आणि चष्मा काढला.

"गवत शेतीत का घातलंस?"

"जमिनीतून येतं म्हणून."

"जमिनीतून विहिरीचं पाणीही येतं. नांगरलं होतं? पेरलं होतं? आपोआप उगवलेलं गवत कापून विकलं तर ती कायद्याच्या लेखी शेती नाही. पामला जा, विचार आणि मग लिही."

राऊतांच्या मिशीत एकदम जीव आला.

दुसऱ्या दिवशी भगवंत पामला गेला, तर गवताच्या माळावर सभा भरलेली. राऊतांनी साक्षीदार गोळा केले होते. गवत कापणारी भागी, शेजारचा दादू आणि अजून चार-पाच माणसं बांधावर ओळीने बसली होती. जरा बाजूला राऊतांची बायको जमना, पदर खोचून उभी.

"विचारा," राऊत म्हणाले. "मी या माळावर कदी नांगर घातला का?"

"काका, मी तुम्हालाच विचारतो..."

"मला नको, गावाला विचारा. दादू, सांग."

दादूने घसा साफ केला. "चिंतूदानं जल्मात या माळावर कायच केलं नाय. आमी साक्षी हाव."

"जोरात सांग."

"कायच केलं नाय," दादू जोरात म्हणाला. राऊतांनी अभिमानाने भगवंतकडे पाहिलं. स्वतःचा आळस सिद्ध व्हावा म्हणून गाव गोळा करणारा माणूस भगवंत पहिल्यांदाच पाहत होता. त्याने वहीत 'मशागत नाही' असं लिहिलं.

तेवढ्यात जमनाकाकी पुढे आल्या. "यांनी नाय केलं, खरं हाय. मी केलं. दर साली काटे काढते, कुडाण घालून गुरं अडवते. ही शेती नाय तं काय हाय? कर कशाला भरायचा?"

"तू गप ऱ्हा," राऊत म्हणाले.

भगवंत अदबीने वळला. "काकी, बी पेरलंत कधी? जमीन खणलीत?"

काकींना खोटं बोलता येत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"नाय. पेरलं ते देवानं."

"मग काकी, नुसतं राखणं आणि काटे काढणं कायद्यात शेती होत नाही. मूळची मशागत लागते."

"म्हंजे मी येवढी राबते ते कायच नाय?"

भगवंतला शाळेत कधी वाटली नव्हती तेवढी शरम वाटली. "गवत मिळवायला झालेला खर्च वजा होतो," तो घाईने म्हणाला. "कापणीची मजुरी, वाहतूक."

"मंग माझी मजुरी धरा."

"काकांनी तुम्हाला मजुरी दिली का?"

जमनाकाकींनी नवऱ्याकडे पाहिलं. राऊत ताडाच्या झाडाकडे बघू लागले. भागी तोंडाला पदर लावून हसली.

दिली नव्हती, म्हणून वजाही झाली नाही. कचेरीत येऊन भगवंतने कागद नव्याने मांडला. घराचे दोन हजार जिथे होते तिथेच. गवत विकून आलेले अडतीसशे, त्यातून भागी आणि इतरांची मजुरी व गाडीभाडं मिळून हजार वजा, उरले अठ्ठावीसशे. ते 'इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न' या सदरात. एकूण अठ्ठेचाळीसशे. भात तसाच बाहेर. बायको आणि एक मुलगी यांची सवलत धरून जो कर निघाला, त्यात एक बरी छत्री आली असती.

नागोरावांनी कागद तपासला आणि चष्मा डोळ्यांवरच ठेवला. राऊतांनी पेढे आणले. कर लागला म्हणून पेढे आणणारं अशील कचेरीने पाहिलं नव्हतं, म्हणून शेजारचा टायपिस्टसुद्धा बघायला आला.

दिवाळीनंतर ऑर्डर आली. राऊतांनी तिला काच लावली आणि केळव्याच्या पाहुण्यांना जेवायला बोलावलं. भगवंतलाही बोलावणं होतं. होणाऱ्या व्याह्यांनी ऑर्डर नाकाशी धरून वाचली, मग हळूच विचारलं, "राऊत, तुमचा हिशेबनीस कोण? बदला त्याला. मला तीन वर्षं धडपड करून सुटता येत नाय, आन तुमी आपणहून अडकलात?"

"मंग टांगलीत कशाला?"

"कर सोडवायला ठेवलेल्या वकिलाला शरम वाटावी म्हणून. तो पण माझ्याकडं जेवायला येतो."

भगवंत पंगतीत खाली मान घालून वालाची आमटी ओरपत राहिला. लग्न मात्र ठरलं, आणि माघात लागलंही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर जमनाकाकींनी नवऱ्याला न विचारता दादूची बैलजोडी मागून आणली, माळाचा निम्मा भाग नांगरून घेतला आणि त्यात नाचणी पेरली. राऊत घरी आले तेव्हा नांगराचे तास पडून गेले होते. त्या वर्षीच्या हिशेबाला काकी स्वतः पालघरला आल्या. भगवंतने सवयीने विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताची बोटं टेबलावर पसरली. नखांत माती होती.

"आता लिवा," त्या म्हणाल्या.

भगवंतने नाचणी शेतीत घातली, उरलेल्या माळाचं गवत इतर मार्गांत ठेवलं आणि बेरीज केली. उत्पन्न पुन्हा मर्यादेखाली आलं. काकींनी त्याला शून्य मोठं काढायला लावलं, घरी ऑर्डरशेजारी टांगल्यावर लांबून दिसावं म्हणून.