मेलखालच्या चार ओळी

बाइंडिंगवाल्या ताई नवऱ्याच्या मारातून लेकीला घेऊन निसटल्या, तेव्हा सोबत फक्त सुई, दोरा आणि कागद कापायची सुरी होती. बेकरीच्या मागच्या जिन्यावरच्या खोलीत त्यांनी पुस्तकं बांधायला घेतली. हात असा, की फाटकं पुस्तक पुन्हा माणसात यावं.

पण गिऱ्हाईक येणार कुठून? धाकट्या भावाच्या बायकोने वेबसाइट करून द्यायचं मनावर घेतलं. नणंद-भावजय दुपारभर एकेका ओळीवर अडून बसल्या. फोन नंबर नको. पत्ता तर नकोच, पुस्तकं कुरिअरच्या दुकानात जमा होतील. घरच्या फोटोंच्या पानाची लिंकही काढली, कारण तिथे लेक शाळेच्या गणवेशात होती; फोटो ठेवले ते फक्त बांधलेल्या पुस्तकांचे. उरला एक ईमेल, तोही कामाच्या नावाचा. ताई म्हणाल्या, दुकान उघडायचं आणि दारच ठेवायचं नाही, असा आपला धंदा. दोघी पोट धरून हसल्या. तेवढंच काय ते हसणं.

काम येऊ लागलं. एके दिवशी कुण्या शिक्षिकेचा मेल आला. वडिलांचा शब्दकोश खिळखिळा झालाय, बांधून द्याल का? ताईंनी भावजयीच्या जुन्या कॉम्प्युटरवरून अगदी जिव्हाळ्याने उत्तर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उलट उत्तर आलं. "शिवणीवरचा लाल दोरा फोटोत बघितला तेव्हाच ओळखलं. पत्ताही मिळाला. बेकरीच्या मागचा जिना ना?"

ताईंनी भावजयीला हाक मारली. शिक्षिका कुठली, नवराच होता तो. भावजयीने ताईंनी पाठवलेला मेल उघडला. शब्दांखाली चार ओळी होत्या: नाव, खोली, रस्ता, फोन. वेबसाइटच्या आधी ताईंच्या कामाची बिलं भावजय याच ईमेलवरून वाचनालयाला पाठवायची, बिलावर पत्ता लागायचा, म्हणून तिनेच ती सही लावून ठेवली होती. प्रत्येक उत्तराखाली ती आपसूक जायची. लिहिताना तीन ठिपक्यांमागे दडलेली, वाचणाऱ्याला मात्र उघडी. वेबसाइटची ओळन्‌ओळ तपासली आणि मेलची सही दोघींच्याही ध्यानात आली नाही. जळो ती हुशारी.

भावजयीने सही पुसली, वेबसाइटही बंद केली. गेलेला मेल काही परत येणार नव्हता.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि सांभाळून राहा म्हणाले. कसं राहायचं ते कुणी सांगितलं नाही. ताईंनी लेकीचे कपडे भरले. पुस्तकं दाबायचा जड प्रेस तिथेच राहिला.

"कुठे जाताय ताई?" भावजयीने विचारलं, आणि लगेच तिच्या डोळ्यांना धार लागली. "नको, मला सांगू नका. तो आधी माझ्याच दारात येईल. मारलं तर माझ्या तोंडून निघून जाईल."

ताईंनी तिला पोटाशी धरलं. दुपारभर बसून त्यांनी ठरवलं होतं, कुणाला काय दिसू द्यायचं नाही. त्यात भावजय एकटी तेवढी धरली नव्हती.

"बरं," ताई म्हणाल्या, "तुलाही नाही सांगत."