पाहुण्यांच्या रांगेतलं अल्ट्रा

आमच्या कॉलेजात, सांगलीत, दरवर्षी संगणक प्रयोगशाळेत गेमिंगची स्पर्धा होते. दोन रांगा, समोरासमोर पाच-पाच मशीन. एका रांगेत आमचा संघ, दुसरीत बाहेरून आलेला. यंदा उपांत्य सामन्याला साताऱ्याचा संघ येणार होता आणि मशीन तयार करायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं.

माझ्याकडेच का, तर मुलींच्या वसतिगृहात मी 'सेटिंगवाली' म्हणून ओळखली जाते. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. म्हसवडजवळच्या आमच्या गावातून मी इथं आले तेव्हा माऊस हातात धरायचीसुद्धा मला भीती वाटायची. मग रूममेटच्या लॅपटॉपवर बघत बघत शिकले. गोळीबाराच्या खेळात तिचा नेम नेहमी उशिरा लागायचा. मी ग्राफिक्स कार्डाचं कंट्रोल पॅनल उघडून लो लेटन्सी मोड 'अल्ट्रा' केला आणि माऊस हलवला की लगेच पडदा हलायला लागला. ती ओरडलीच. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की अल्ट्रा म्हणजे सगळ्यात चांगलं.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेत एकटी होते. दहाही मशीन सारखी, जुन्या प्रोसेसरची. ग्राफिक्स कार्डं मात्र गेल्या वर्षी नवीन बसवलेली. आधी पाहुण्यांची रांग घेतली. लो लेटन्सी मोड अल्ट्रा. टेक्श्चर फिल्टरिंग 'हाय क्वालिटी', म्हणजे लांबच्या भिंती, रस्ते स्वच्छ दिसतात. पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'मॅक्झिमम परफॉर्मन्स', म्हणजे कार्ड आपला वेग खाली आणत नाही. मग खेळातल्या सरावाच्या रिकाम्या मैदानात फिरून बघितलं. लोण्यासारखं चाललं होतं.

आमच्या रांगेला मी हात लावला नाही. वेळ होता, तरी लावला नाही. आमच्याकडे पाहुणा आला की टेबल-पंख्याचं तोंड त्याच्याकडे होतं आणि घरचे कोपऱ्यात घाम पुसत बसतात. कुणी तसं सांगत नाही, आपोआप होतं. माझंही तसंच झालं. साताऱ्याहून लोक येणार, त्यांना चांगलं द्यावं, आपलं काय, आपण घरचेच. हे मी कुणाला सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

सामना तीन डावांचा होता, दोन जिंकेल तो संघ पुढे. पहिला डाव आम्ही जिंकलो आणि आमची पोरं बाकं बडवायला लागली. या फेरीत आमच्या कॉलेजानं याआधी एक डावही जिंकलेला नव्हता. मीही टाळ्या वाजवत होते.

साताऱ्याची पोरं मात्र खुर्चीतून उठली नाहीत. त्यांचा कप्तान, उंच, चष्मेवाला, शेजारच्याला म्हणाला, "तुझं पन अडकत होतं का रं?"

"लय! धूर झाला, दोन-चार जन समोर आले की पडदा धक्के खातोय. रिकाम्या गल्लीत बराय."

"आनि ह्यो आवाज ऐक. मशीनचे पंखे फक्त आपल्याच रांगेचे बोंबलाय लागलेत."

आमच्या कप्तानाला राहवलं नाही. "हरलं की मशीन वाईट! गड्या, साताऱ्याहून येताना पंखे पण घेऊन यायचे होते."

पोरं हसली. चष्मेवाला हसला नाही. त्यानं डेस्कटॉपवर उजवी क्लिक केली, कंट्रोल पॅनल उघडलं. मग उठून आमच्या रांगेत आला, विचारून एका मशीनवर तेच पान उघडलं आणि सरांना हाक मारली.

"सर, आमच्या पाची मशीनवर अल्ट्रा. तुमच्यावर ऑफ. पॉवरचंबी येगळं. ह्ये आपोआप होत न्हाई."

बाकं बडवणं थांबलं. आमचा कप्तान सरांकडे बघत राहिला. सर माझ्याकडे बघायला लागले, मग सगळेच. चष्मेवाल्यानं विचारलं, "ताई, ह्ये तुमी केलं का?"

"हो."

"का?"

माझे कान तापले. खोटं सुचलं असतं तर कदाचित बोललेही असते, पण काही सुचलंच नाही. मी म्हणाले, "तुम्ही पाहुणे. म्हणून तुम्हाला चांगलं लावलं."

मग मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि सगळी प्रयोगशाळा हसायला लागली, दोन्ही रांगा. आम्ही फसवलं असं कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. हसण्याशी कसं भांडायचं ते मला माहीत नव्हतं. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले.

"खरं असंल," चष्मेवाला म्हणाला, "पन मग तुमची पोरं बसू द्यात ह्या मशीनवर. सेटिंग हाय तशीच ठेवा. धाजन मिळून पाच मिनिटं खेळू."

रांगा बदलल्या. दोन मिनिटांत आमचा कप्तान पाहुण्यांच्या खुर्चीतून ओरडला, "अरे, हे काय! गोळी मारली की चित्रच थांबतंय!"

मग चष्मेवाल्यानं पडद्यावर बोट ठेवून सांगितलं. एरवी प्रोसेसर पुढच्या एक-दोन चित्रांची तयारी करून रांगेत ठेवतो आणि कार्ड ती एकेक काढतं. अल्ट्रा ती रांगच जवळजवळ काढून टाकतं, म्हणून हात आणि पडदा यांतलं अंतर कमी होतं. पण ते कधी? कार्ड कमी पडत असेल तेव्हा. मला आठवलं, रूममेटच्या लॅपटॉपचं कार्डच कमजोर होतं. इथं उलटं. कार्ड नवं, प्रोसेसर म्हातारा. दहाजण एकत्र आले की प्रोसेसरला दम लागतो आणि साठवलेलं एकही चित्र नसल्यामुळे तो अडखळला की पडदा अडखळतो. मी तर रिकाम्या मैदानात, एकटीनं तपासलं होतं. फिल्टरिंगनं फारसा फरक पडत नव्हता. पंखे ओरडत होते ते पॉवरच्या सेटिंगमुळे, कार्ड मोकळ्या वेळीही वेग सोडत नव्हतं म्हणून.

मला सगळं कळत होतं आणि कळत होतं म्हणूनच जास्त लाज वाटत होती. मी दोन वर्षं ती नावं पाठ म्हणत होते. कशानं काय होतं, हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

सर आमच्या कप्तानाला म्हणाले, "डाव तुमच्या नावावर लागलाय. काय करायचं, तुम्ही सांगा."

त्यानं फळ्यावर लिहिलेल्या गुणांकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. "पुन्हा खेळू, सर," तो म्हणाला, "पहिल्यापासून."

दहाही मशीनवर मी सेटिंग मूळची केली. दोन्ही संघ माझ्या पाठीमागे उभे होते. दर मशीनवर 'रीस्टोअर' दाबलं की मी बाजूला सरकून पडदा त्यांना दाखवत होते.

आम्ही दोन्ही डाव हरलो. चुरशीचे होते, पण हरलो. साताऱ्याच्या पोरांनी हात मिळवले, चष्मेवाला जाताना मला म्हणाला, "ताई, फुडच्या येळी आमाला पाहुनं समजू नगा. खेळाय आलोय." तो चांगल्या मनानं म्हणाला. मला मात्र वर बघवलं नाही.

सगळे गेल्यावर आमचा कप्तान स्वतःचा माऊस काढून वायर गुंडाळत होता. मी जवळ जाऊन म्हणाले, "माझ्यामुळं सामना गेला."

"गेलाच."

मी खुर्च्या आत सरकवायला लागले.

"मला का नाही विचारलंस?" तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"छे! मलाबी अल्ट्रा म्हणजे भारीच वाटायचं." त्यानं वायरला गाठ मारली. "पण दोघं मिळून चुकलो असतो तर लोक दोघांना हसले असते. तू एकटीच उभी होतीस तिथं. ते मला बघवलं नाही."

तो दिवे बंद करायला गेला आणि मी एकेक मशीन बंद करत गेले, दोन्ही रांगांतली.