अलियम्माचा डावा पाय

केरळातल्या तिरुवल्ल्यात माझं चपलांचं दुकान आहे. इथे दर दुसऱ्या घरातली मुलगी परदेशात नर्स, त्यामुळे लेकींच्या बाळंतपणाला निघालेल्या आया हीच माझी गिऱ्हाइकं. अलियम्मा त्यांत सगळ्यांत खट. नवऱ्यामागे रबराच्या झाडांचा चीक काढून तिने दोन मुली शिकवल्या आणि चारदा अमेरिका गाठली. पहिल्या खेपेला ती नव्या घट्ट बुटांत गेली. विमानात पाय सुजले, वाटेतल्या तपासणीत काढलेले बूट परत चढेनात आणि पुढचं विमान तिने अनवाणी गाठलं. तेव्हापासून ती संध्याकाळीच यायची, पाय फुगलेले असताना, आणि मोजे घालून उभी राहूनच माप द्यायची.

पाचव्या खेपेला ती काठी टेकत आली. गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम तीन आठवडे झालेले.

"थंकच्चा, वाकता येत नाही रे. पट्टीचे दे, तपासणीत चटकन निघतील असे. आणि तळात लोखंड नको, ते यंत्र बोंबलतं."

मी माप घ्यायला बसलो. उजवा पाय नेहमीचा. डावा दोन नंबर मोठा, पोटरी टणक, हाताला चटका बसेल इतकी गरम. दाबली तशी ती कळवळली.

"अम्मच्ची, ही नेहमीची सूज नव्हे. ती दोन्ही पायांना येते. डॉक्टरला दाखवा, आजच."

"ऑपरेशनचा पाय आहे, सुजणारच. तू कधीपासून डॉक्टर झालास?"

"रक्ताची गाठ असली तर?"

ती हळूच म्हणाली, "मोने, बाळा, डॉक्टर मला जाऊ देणार नाही. जिन्सीची दोन बाळं पोटातच गेली. दोन्ही वेळा मी इथे होते. या वेळी पोरीला एकटं टाकायचं नाही मला." आणि तिने माझा हात धरला. "घरी कोणाला सांगू नकोस."

मी जिन्सीला फोन करायला हवा होता. नंबर होता माझ्याकडे. मी काय केलं? मोठ्या मापाचे रुंद पट्टीचे बूट काढले, वरची कड न काचणारे सैल मोजे दिले, आणि पट्टी कितपत ढिली ठेवायची ते शिकवलं. ती खूश होऊन चालून दाखवत होती आणि मीही हसलो. लाज वाटते सांगायला.

विमान उतरायला दोन तास असताना तिला धाप लागली. ती जमिनीवर जिवंत पोचली नाही. जिन्सीला चार दिवसांनी मुलगी झाली.

वर्षाने जिन्सी बाळाला घेऊन दुकानात आली. ती स्वतः नर्स, पायातली गाठ फुप्फुसात गेली हे तिला नेमकं ठाऊक.

"थंकच्चा, तुम्ही मापाला बसलात तेव्हा तिचा पाय हातात घेतला असेल ना? काही जाणवलं होतं?"

मी बाळाच्या पावलाकडे बघत म्हणालो, "नाही गं. नेहमीसारखाच होता."

"मग ठीक," ती म्हणाली आणि रडायला लागली.