एक, चार, एक, तीन

दफ्तरखान्यातल्या स्कॅनिंगच्या खोलीत सगळे तिला रांगबाई म्हणत. ती आकडे रांगेत बसवायची म्हणून हे नाव ठेवणारा शिपाई कधीच निवृत्त झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिनेही कधी आक्षेप घेतला नाही. “नवऱ्यानेसुद्धा मला कधी इतक्या प्रेमाने हाक मारली नव्हती,” असं ती म्हणायची आणि पुन्हा पडद्याकडे वळायची. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

तिचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. जुने टाइप केलेले अहवाल स्कॅन होऊन यायचे. मग पान पाहून अक्षरं ओळखणारा ओसीआर त्यांचा मजकूर करून द्यायचा. साध्या परिच्छेदांची फारशी अडचण नसे. तक्ता आला की मात्र तारांबळ. पानावर रकाने कसे ऐसपैस मांडलेले असतात! पण यंत्र त्यांच्यामधल्या सगळ्या मोकळ्या जागांची एकेक फट करून टाकायचं. त्यात जुन्या टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते आणि एकचा आकडा असतो बारीक, त्यामुळे त्याच्या दोन्ही अंगांना जागा उरते. यंत्राला वाटायचं, इथे आकडा संपला. मग तेराचे व्हायचे एक आणि तीन, अठराचे एक आणि आठ. चार रकान्यांच्या ओळीत सहा तुकडे पडलेले असायचे आणि कोणता तुकडा कोणाचा ते रांगबाईने ठरवायचं.

तिने त्यासाठी एक रीत बसवली होती. ओळीच्या शेवटी बहुधा एकूण आकडा असतो. डावीकडून तुकडे जोडत जायचं, बेरीज एकूणाशी जुळली की पुढची ओळ. जुळलीच नाही, तरच मूळ पानाचं चित्र उघडायचं. चित्रं दुसऱ्या यंत्रावर होती, एक उघडायला मिनिट दीड मिनिट लागायचं आणि दिवसाला चारशे ओळी पुऱ्या करायच्या असत. नव्याने आलेल्या मुलींना तिने हीच रीत शिकवली. “बेरीज खोटं बोलत नाही गं,” असं ती त्यांना सांगायची.

एका सोमवारी सकाळी दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची, हातात कागदांची पिशवी, मागे काठी टेकत आलेले एक म्हातारे गृहस्थ. साहेबांनी त्यांना रांगबाईकडे पाठवलं होतं, म्हणजे ब्याद टाळली होती.

“माझे वडील,” बाई म्हणाली. “शाळामास्तर होते. धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या खालच्या वस्तीवर होते.”

रांगबाईला तो अहवाल आठवला. चाळीस वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात वरचं मातीचं धरण फुटलं होतं. बळींचा तक्ता वस्तीवार: पुरुष, बाया, मुलं, एकूण. तिनेच जुळवला होता. सहा महिन्यांपूर्वी तो दफ्तरखान्याने सगळ्यांसाठी खुला केला आणि साहेबांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

“तुमच्या तक्त्यात खालच्या वस्तीला चौदा पुरुष, एक बाई, तीन मुलं आहेत,” लेक म्हणाली. “हे म्हणतात, तेरा मुलं. रोज म्हणतात. जेवताना, आंघोळीला नेताना. डॉक्टरांना मी तुमचा तक्ता दाखवला. ते म्हणाले, सरकारी कागद एक सांगतो आणि हे दुसरंच सांगतात, म्हणजे डोक्यात घोळ सुरू झाला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून त्यांना त्या... म्हणजे अशांना सांभाळतात ना, तिथे ठेवायचं ठरलंय. जागा मिळालीय.”

“वेड्यांच्या घरी,” मास्तर म्हणाले. “सरळ बोल ना. मला ऐकू येतं अजून.”

“बाबा, तसं नाही म्हणत कोणी.”

“मग कसं म्हणतात?”

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. रांगबाईने दोघांना खुर्च्या दिल्या आणि विचारलं, “मास्तर, तेरा कशावरून?”

“हजेरीवरून,” मास्तर म्हणाले. “पहिल्या बाकावर चौघी मुली. दुसऱ्यावर तिघं, त्यातला एक डावखुरा, त्याला कडेला बसवायचो, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागायचं. तिसऱ्यावर चौघं. मागे दोघं, आडदांड. झाले तेरा. त्या दिवशी गैरहजर कोणी नव्हतं. माझ्या दुर्दैवाने एकही नाही.”

रांगबाईने ती फाइल उघडली, ओसीआरने काढलेला मूळ मजकूर शोधला आणि खालच्या वस्तीची ओळ गाठली. वस्तीच्या नावापुढे होतं: १ ४ १ ३ १ ८.

शेवटचे दोन जोडले की अठरा, ते एकूण. राहिले एक, चार, एक, तीन. डावीकडून पहिले दोन जोडले: चौदा, एक, तीन. बेरीज अठरा. जुळली. पुढची ओळ. सहा महिन्यांपूर्वी तिने केलं होतं ते एवढंच.

आता तिने पेन्सिल घेतली आणि कागदावर त्या चारांतले शेवटचे दोन जोडून पाहिले. एक, चार, तेरा. बेरीज अठरा.

तिने पुन्हा केली. शाळकरी मुलीसारखी बोटांवरही केली. सुटा एक पुढच्या आकड्याला जोडला की बेरीज नऊने वाढते, तो कुठल्याही आकड्याला जोडा. या ओळीत सुटे एक दोन होते. कोणताही एक जोडला तरी अठराच. एकूणाने तिला बरोबर म्हटलं होतं, ते दुसऱ्या जोडणीलाही तितकंच बरोबर म्हणत होतं. मधल्याच दोघांची जोडी लावली असती तर एक, एकेचाळीस, तीन, म्हणजे पंचेचाळीस झाले असते आणि ती थांबली असती. इथे थांबायला काही कारणच नव्हतं. उभ्या रकान्याच्या बेरजेने घोटाळा उघडा पडला असता, पण ती जिथे होती तो शेवटच्या पानाचा खालचा भाग फाटून गेलेला होता.

“काय झालं?” लेकीने विचारलं.

“थांबा. पान बघते.”

चित्र यायला दीड मिनिट लागलं. पिवळट पान, वाकडं स्कॅन झालेलं. रांगबाईने पडद्यावर पट्टी आडवी धरली. ‘पुरुष’ या मथळ्याखाली, अगदी मधोमध, एक. ‘बाया’खाली चार. ‘मुलं’खाली एक आणि तीन, दोघांत केसाएवढी फट. शंकेला जागाच नव्हती. पाच वर्षांच्या पोरानेही सांगितलं असतं.

ती उठून साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला.

“एकूण अठराच ना?”

“हो.”

“मग माणसं तेवढीच मेली. वर्गवारीत थोडा फरक.”

“साहेब, तुम्ही प्रस्तावनेत लिहिलंय, खालच्या वस्तीत बळी पडले ते बहुतेक पुरुष, धोक्याचा भोंगा वाजला तरी नदीत मासे धरत थांबलेले.”

“ते मी तुमच्या तक्त्यावरून लिहिलं, बाई.”

“म्हणूनच सांगतेय. तिथे पुरुष एकच मेला.”

साहेब चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवत म्हणाले, “अर्ज लिहा. चूक कोणाची ते त्यात आलं पाहिजे.”

“माझी,” रांगबाई म्हणाली. “तसंच लिहिते.”

तिने दुरुस्तीचा अर्ज लिहिला, पानाच्या चित्राची छापील प्रत काढली, ओळीला पेन्सिलने खूण केली आणि खाली दफ्तरखान्याचा शिक्का घेतला. डॉक्टरांना दाखवायला एवढं पुरेसं होतं. परत खोलीत आली तेव्हा लेक वडिलांच्या शर्टाचं बटण लावून देत होती.

“बाई, तुमच्या वडिलांना नीट आठवतंय,” रांगबाई म्हणाली. “घोळ आमच्या तक्त्यात होता. माझ्या हातून झाला. पुरुष एक, बाया चार, मुलं तेरा.”

लेकीने कागद दोन्ही हातांनी धरला. वाचला. पुन्हा वाचला. मग ती तिथेच खुर्चीत बसून हुंदके देऊ लागली. “मी यांना वेडं ठरवलं हो. जागेचा अर्जसुद्धा मीच भरला.”

मास्तर तिच्याकडे बघत नव्हते. त्यांनी कागद मागून घेतला आणि बोट ओळीवर फिरवलं, फळ्यावरची ओळ वाचावी तसं.

“एक पुरुष. तो माझा शिपाई. दाराला खांदा लावून उभा होता. चार बाया. त्या पोरांना न्यायला धावत आलेल्या. एकीचं नुसतं लुगडं मिळालं.” बोट पुढे सरकलं आणि थांबलं. “भोंगा ऐकू आला होता मला. सुट्टीला पंधरा मिनिटं होती. म्हटलं, असेल कसली तरी चाचणी. पाढे चालू होते. मी एकटा बाहेर आलो, पाणी किती आलंय बघायला, आणि टेकाडावर चढलो. तेवढ्यात...”

“बाबा, पुरे,” लेक म्हणाली.

“तू म्हणायचीस ना, बाबा, तीनच होती, उगाच मनाला लावून घेता. कागदावर आहे, सरकारी.” ते रांगबाईकडे वळले. आवाजात राग नव्हता, तेच तिला सोसवेना. “तुम्हाला खरं सांगू? तुमचा तक्ता लेकीने दाखवला तेव्हा मी भांडलो. पण रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, सरकारी माणसं मोजून लिहितात. कदाचित माझंच चुकत असेल. कदाचित तीनच असतील. बाकीची दहा पळाली असतील कुठेतरी, मोठी झाली असतील, संसार करत असतील. मला ओळखत नसतील, एवढंच. सहा महिने मी अधूनमधून तसं समजून चाललो.”

“मास्तर, माझं चुकलं,” रांगबाई म्हणाली.

“नाही, नाही. तुम्ही आता बरोबर केलंत.” त्यांनी कागदाची नीट घडी घातली, कडेला कड जुळवून, आणि खिशात ठेवली. “आता परत तेराच.”

लेकीने त्यांना उठवलं. जिन्यावर काठीचा आवाज पायरी पायरीने खाली जात राहिला.

शेजारच्या टेबलावरची मुलगी चहा घेऊन आली. “ताई, घ्या ना, गार होतोय.”

“ठेव तिथे,” रांगबाई म्हणाली. “आणि ऐक. मी तुम्हाला शिकवलेली रीत आजपासून बंद. बेरीज जुळली तरी पान उघडायचं.”

“दिवसाच्या चारशे ओळी कशा होणार मग?”

“नाही होणार.”

तिने तो अहवाल पहिल्या पानापासून उघडला. एकूण नऊ पानं, बासष्ट वस्त्या. पट्टी पडद्याला लावून ती एकेक ओळ मूळ पानाशी ताडत गेली. बाराव्या वस्तीपुढे होतं: १ १ २ ६ १ ९. तिने अकरा, दोन, सहा लावले होते, बेरीज एकोणीस. पानावर ‘पुरुष’खाली नुसता एक होता आणि ‘बाया’खाली बारा.

तिने वहीत वस्तीचा क्रमांक लिहिला. त्याच्यासमोर आपलं नाव लिहिलं आणि पुढची ओळ घेतली.