हुकूम व्हायच्या आदल्या संध्याकाळी

सहदेव चहा बशीत ओतून आधी बशीकडे बघत बसायचा. खडू अर्धा मोडून एक तुकडा खिशात टाकायचा, त्यामुळे त्याच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे पांढरे असायचे. वकिलीचा काळा कोट तो सायकलच्या हँडलला अडकवून न्यायचा, अंगात फक्त कोर्टाच्या पायरीवर घालायचा. रस्त्यात पोलीस दिसला की उगाच घंटी वाजवायचा. याचं कारण एकदा त्याने मला हसत सांगितलं होतं. लहानपणी त्याच्या गावी, हिवऱ्यात, एका माणसाला पोलिसांनी झाडाला बांधून मारलेलं त्याने पाहिलं होतं. तेव्हापासून त्याला कोठडीची भीती होती. फौजदारी वकिलाला कोठडीची भीती, हे मला तेव्हा गमतीचं वाटलं.

मेहकरात त्याची वकिली बेताची होती. संध्याकाळी तो शिकवणी घ्यायचा, आणि त्याचे बहुतेक विद्यार्थी पोलीस होते. खात्याच्या फौजदारकीच्या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नांचा पेपर असे. चौऱ्याहत्तरची नवी फौजदारी संहिता येऊन चार वर्षं झाली होती आणि अटकपूर्व जामीन हे त्यातलं नवं प्रकरण होतं. शिपाई, जमादार सगळे तिथेच अडायचे. माझं मराठीचं शिक्षण झालेलं, म्हणून त्याने सरावासाठी काढलेल्या प्रश्नांची भाषा मी तपासत असे.

हिवऱ्याच्या बाजारात बैलाच्या सौद्यावरून भांडण झालं. सहदेवचा चुलतभाऊ कडूबा याने सौदा करणाऱ्या महादेवरावांच्या हातावर कुऱ्हाड घातली. हाड तुटलं. सहदेव सोडवायला मधे गेला होता. महादेवरावांनी फिर्यादीत लिहून दिलं की सहदेवने त्यांना मागून धरून ठेवलं.

सहदेवने लगेच बुलढाण्याच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज लावला. त्याचे ज्येष्ठ वकील उत्तमराव यांनी सुनावणीपर्यंत अटक होऊ नये म्हणून तात्पुरतं संरक्षण मागितलं. न्यायाधीश म्हणाले, आधी पोलिसांचे कागद येऊ द्या. संरक्षण दिलं नाही, सुनावणी गुरुवारी ठेवली.

बुधवारी दुपारी मी त्याला म्हणालो, "आजच्या दिवस बुलढाण्याले जाऊन राह्य. लॉजवर थांब."

"पळालो असं लिहितीन ते. मग उद्या कोर्टात काय तोंड दाखवू?"

"मग शिकवणी तरी बंद ठेव."

"पोरं येतीन ना बे. अन् नाही आलो तर त्यायले समजनच का मी लपून राह्यलो." त्याचा आवाज नेहमीसारखा होता. सदऱ्याची पाठ मात्र घामाने ओली झाली होती.

संध्याकाळी सातजण आले. निवृत्ती जमादार नेहमीप्रमाणे पुढे बसला. वयाने आमच्यापेक्षा मोठा, दोनदा नापास झालेला, पण सहदेवला सर म्हणायचा. त्या दिवशी त्याने साधे कपडे घातले होते आणि मांडीवर पिशवी होती. त्याने मान वर केली नाही.

पेपर भांडणाच्या आधीच तयार झालेला होता. विषय जामीन. सहदेवने तो बदलला नाही. उभ्याउभ्या प्रश्न विचारू लागला.

"फिर्याद दाखल नाही. अटकपूर्व अर्ज चालन का?"

"नाही सर, फिर्याद पाह्यजेच," मागून एकजण म्हणाला.

"पडला फासात. अटकेची वाजवी भीती असली का बस झालं. कोणाकडे करायचा? दंडाधिकाऱ्याकडे?"

"सत्र न्यायालय नाहीतर हायकोर्ट."

"गुन्हा जामीनपात्र असन तर?"

"मग काऊन मागायचा सर? तसाच सुटते तो."

"शाब्बास. हे लक्षात ठेवलं तर घरी बायको इचारन, फौजदार झाले का? तर हाव म्हणसान."

सगळे हसले. निवृत्ती हसला नाही.

मग सहदेवने पुढचा प्रश्न वाचला. मला तो पाठ होता, त्याची वाक्यं मीच नीट केली होती. आरोपीने अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला आहे. सुनावणी उद्या आहे. आज पोलिसांनी त्याला अटक केली. ही अटक: अ, बेकायदा, कारण अर्ज प्रलंबित आहे. ब, कायदेशीर, कारण हुकूम झालेला नाही. क, बेकायदा, कारण आरोपी पळालेला नाही. ड, दंडाधिकाऱ्याने परवानगी दिली तरच कायदेशीर.

वाचताना तो दुसऱ्या पर्यायाशी थांबला. मला वाटलं मीच ओरडून सांगावं की हा प्रश्न सोडा.

"निवृत्ती, तुम्ही सांगा."

"ब, सर."

"कारण?"

"नुसत्या अर्जानं अटक थांबत नाही. हुकूम पाह्यजे." निवृत्ती खाली बघतच बोलला. "अन् अटक झाली का तो अर्ज निकामी. मग साधा जामीन."

"बरोबर," सहदेव म्हणाला. त्याने फळ्यावर ब लिहिला. खडू इतका दाबला की तो मोडला.

बाकीचे उठले. निवृत्ती बसून राहिला. पिशवीतून त्याने टोपी काढली आणि डोक्यावर ठेवली. दाराबाहेर दोन शिपाई उभे होते. ते आमचे विद्यार्थी नव्हते.

"सर, साहेबाचा हुकूम हाये. दुपारीच सांगतलं होतं त्यायनं. मी म्हटलं, शिकवणी तं होऊ द्या."

"उद्या सकाळपर्यंत," मी म्हणालो. "एक रात्र फक्त, जमादार."

"भाऊ, मले नोकरी हाये." मग सहदेवला म्हणाला, "हातकडी नाही लावत सर. चाला."

सहदेव उठला नाही. त्याने बाकाची कड घट्ट धरली होती. मग हळू आवाजात, विद्यार्थ्याला नव्हे तर पोलिसाला विचारावं तसं त्याने विचारलं, "मारसान का?"

निवृत्तीने मान हलवून नाही म्हटलं.

गुरुवारी बुलढाण्यात पुकारा झाला. उत्तमरावांनी उभं राहून सांगितलं की अर्जदाराला काल अटक झाली. सरकारी वकील म्हणाले, मग काही उरलं नाही. अर्ज निकाली निघाला. एवढंच. मी बाकावर बसून होतो, पुढचं प्रकरणही सुरू झालं.

मेहकरच्या दंडाधिकाऱ्यांनी दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली, मग न्यायालयीन. त्यांनी जामीन नाकारला. सत्र न्यायालयाने दिला, पण हा नियमित जामीन होता आणि त्याला अटी होत्या. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत मेहकर तालुक्यात पाऊल टाकायचं नाही. दर सोमवारी बुलढाण्याच्या ठाण्यात हजेरी. सरकारी साक्षीदारांशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क ठेवायचा नाही.

तो रोहिणखेडला बहिणीकडे, बेबीताईकडे राहायला गेला. मी भेटायला गेलो तेव्हा तो आतल्या खोलीत बसला होता. कोठडीत काय झालं ते त्याने सांगितलं नाही. दाराशी पाऊल वाजलं की बोलता बोलता गप्प व्हायचा.

"रात्री उठून हा पाह्यते दार लावलं का," बेबीताई मला बाहेर म्हणाल्या. "दहादा सांगतलं, भाऊ, तू सुटला हायेस."

मी निरोप आणला होता. निवृत्तीची परीक्षा जवळ आली होती. जामिनाच्या अटींवरचं टिपण मिळालं तर बरं होईल, असं त्याने मला चौकात भीत भीत सांगितलं होतं.

सहदेवने निरोप ऐकला आणि माझ्याकडे बघत राहिला. "त्यानं अटक केली. पंचनामा त्याचाच. तो सरकारी साक्षीदार हाये."

"टिपण तर पाठवायचं."

"अप्रत्यक्ष लिहिलं हाये हुकमात. कायद्यात साक्षीदाराले धाक अन् आमिष देऊ नये एवढंच हाये. हुकमात संपर्क हाये. जामीन रद्द केला तर पुन्हा आत."

त्याने कागद ओढला. त्याला आता सगळं असंच, परीक्षेच्या प्रश्नासारखं सुचत होतं. जामिनावर सुटलेल्या आरोपीने साक्षीदार असलेल्या पोलिसाला अभ्यासाचं टिपण पाठवलं. जामीन: अ, आपोआप रद्द होतो. ब, न्यायालय रद्द करू शकते. क, तसाच राहतो, कारण धाक वा आमिष नाही.

ड लिहून त्याने टिंब दिलं. बाहेर कोणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. त्याने पेन खाली ठेवलं.

शेवटची गाडी निघायची वेळ झाली म्हणून मी उठलो. ड च्या पुढे तेव्हाही काही नव्हतं.