नीलाकाकूंची धाकटी बहीण

नीलाकाकू बोलायला लागल्या की समोरच्याचा चहा गार व्हायचा. पतपेढीच्या काउंटरवर दिवसभर भेटलेली माणसं त्या संध्याकाळी जिन्यात उभ्या राहून वठवायच्या. एफडी मोडायला आलेले आजोबा, सही विसरलेली सून, सगळे. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत गणपतीचं सूत्रसंचालन वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. अंगाने भरलेल्या आणि आवाजाने त्याहून. "मी पहिल्या मजल्यावर पोचते ना, तेव्हाच वर चौथ्यावर आमच्या घरी कळतं," असं स्वतःच म्हणायच्या.

मग तो फोटो निघाला.

स्टेशनकडे जाताना एक जिम लागते. तिथल्या यज्ञेश नावाच्या ट्रेनरने बायकांसाठी वजन उतरवायचं 'चॅलेंज' काढलं. काकूंनी नाव घातलं, ते गुडघे दुखत होते म्हणून. दोनेक महिने त्या उकडलेलं खाऊन, घाम गाळून राहिल्या. वजन थोडं उतरलं, गुडघेही बरे वाटले. तेवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्टच नव्हती. पण शेवटी जिमच्या पेजवर त्यांचे दोन फोटो शेजारी-शेजारी आले, आणि मग त्याच जोडीचा मोठा फ्लेक्स रस्त्याच्या कोपऱ्यावर लागला. डावीकडे थकलेली, पोट सुटलेली बाई. उजवीकडे ताठ, चमकणारी, हसरी.

सगळा रस्ता काकूंना ओळखायला लागला. काही दिवस त्याही खूश होत्या. नवे ड्रेस शिवले.

पण घासभर खाऊन माणूस किती दिवस जगणार? त्या पोटभर जेवायला लागल्या आणि वजन चोरपावलांनी परत आलं. फ्लेक्स मात्र तसाच. एकदा भाजी घेताना एका अनोळखी बाईने त्यांना निरखून विचारलं, "त्या बोर्डवरच्या तुमच्या बहीण का हो?"

काकू म्हणाल्या, "हो. धाकटी."

हे त्यांनीच मला वठवून दाखवलं, त्या बाईच्या आवाजासकट. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यानंतर त्या जिन्यात थांबेनाशा झाल्या. 'घाईत आहे गं' म्हणून वर. भाजी त्यांचे यजमान, नंदकुमारकाका, आणायला लागले. गणपतीत माईक दुसऱ्या कुणाच्या हातात होता आणि काकू डोकं दुखतंय म्हणून घरात. एकदा जिममध्ये जाऊन त्यांनी यज्ञेशला सांगितलंही, "तो फोटो खाली उतरव बाबा."

"का मॅडम? खोटा थोडीच आहे? तेव्हा तुम्ही तशाच होतात ना?"

"त्या एका सकाळी होते रे."

"मग झालं तर!"

"आणि आमच्या बॅचच्या बाकीच्या बायका? अर्ध्या मध्येच सुटल्या, काहींचं वजन हललंसुद्धा नाही. त्यांचे फोटो कुठायत?"

यज्ञेश गोड हसला. "मॅडम, असे फोटो कोण लावतं?"

गंधाली दुसऱ्या मजल्यावरची. बाळंतपणानंतर माहेरहून नुकतीच परतलेली, बाळ तीन महिन्यांचं. एका दुपारी काकू हळिवाचे लाडू घेऊन तिच्याकडे गेल्या. गंधालीने डबा घेतला आणि झाकणही न उघडता ओट्यावर सरकवला. फ्रिजच्या दारावर काकूंचेच दोन फोटो चिकटवलेले होते.

"हे काय गं?"

"मोटिव्हेशन! फ्रिज उघडायला गेले की तुम्ही दिसता. सकाळी ताक, दुपारी काकडी, रात्री सूप. बास."

"अगं, अंगावर पाजतेस ना तू?"

"पाजते. पण हल्ली पुरत नाही त्याला. सारखा रडतो. डॉक्टर म्हणाले, वजन वाढत नाहीये."

"त्याचं?"

"हो ना. बघा, माझं उतरत नाही नि त्याचं वाढत नाही."

काकू खुर्चीत बसल्या. आजवर नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी तिला सांगितलं. पहिला फोटो भरपेट जेवणानंतरचा, डोक्यावर ट्यूबलाईट, यज्ञेश म्हणाला होता, पोट सोडा, खांदे पाडा. दुसऱ्याच्या आधी दोन दिवस मीठ बंद, पाणी घोटभर, आदल्या रात्रीपासून उपाशी. सकाळचा खिडकीतला उजेड, पोट आवळून धरणारी पँट, श्वास आत. "फोटो झाल्यावर मी चक्कर येऊन बाकावर बसले गं. तो तिसरा फोटो कुणी काढला नाही. आणि नीट जेवले तशी चार दिवसांत निम्मा फरक गेला. ते पाणी होतं, चरबी नव्हे. उरलेला वर्षभरात."

गंधाली बाळाला थोपटत ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "काकू, रागावू नका हं. तुम्ही सोडलंत म्हणून वाढलं. मी नाही सोडणार."

काकू वर आल्या आणि काकांना म्हणाल्या, "अहो, उठा. माझे फोटो काढा."

"आत्ता? कपडे तरी बदल."

"बदलायचे नाहीत. तेच तर दाखवायचंय."

काकांनी आधी स्वयंपाकघरात काढला, दिव्याखाली, काकू पोट सोडून वाकलेल्या. मग गॅलरीच्या दारात, तिरक्या उभ्या, मान वर, श्वास आत, केस मोकळे. "अगो बाई!" काका फोनकडे बघत राहिले. "मला पण फसवलंस की!" ज्या बाई वर्षभर कॅमेऱ्यापासून तोंड चुकवत होत्या, त्यांनी दोन्ही फोटो सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं: हे दोन्ही फोटो आजचेच आहेत, मध्ये दहा मिनिटं गेली, असल्या फोटोंवर विश्वास ठेवू नका.

फोनची टिंगटिंग सुरू झाली. अभिनंदन नीला. काय मेन्टेन केलंय! परत चालू केलंस वाटतं? एकीने लिहिलं, 'दहा मिनिटं रोज कोणता व्यायाम? मलाही सांग ना.'

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मेल्यांनी वाचलंच नाही."

 तेवढ्यात गंधालीचा फोन आला. "काकू, मी वाचलं बरं का नीट. येता का जरा?"

काकू चपला न घालताच खाली धावल्या. दार उघडताच गंधालीने त्यांचा हात धरून त्यांना आत ओढलं. "पटलं मला तुमचं. एकदम पटलं."

"पटलं ना? मग आधी जेव बाई. मी वाढते."

"जेवते हो. त्याआधी माझा बिफोर काढून द्या. मी आपली आरशासमोर चांगला काढत बसले होते! आधीचा वाईट आला नाही तर फरक कसा दिसणार? तुम्हाला जमतं ते."

तिने फोन काकूंच्या हातात दिला. पाळण्यातलं बाळ कुरकुरायला लागलं. काकूंनी त्याला उचलून तिच्याकडे दिलं आणि तिला खिडकीशी उभं केलं. गंधालीने सवयीने त्याला खांद्याशी घेतलं, त्याच्या टाळूला गाल लावला. काकूंनी तेवढ्यात फोटो काढला.

गंधालीने बघितला. डोळ्यांखाली काळं होतं, पोट होतं, आणि ती सुंदर दिसत होती.

"हा नाही चालायचा, काकू. ह्यात मी बरी दिसतेय."

"बरीच आहेस गं तू."

"संध्याकाळी ह्यांना सांगते काढायला." तिने अंगठ्याने फोटो डिलीट केला आणि बाळाला काकूंकडे सोपवलं. "धरता जरा? दुधाची बाटली करते. आजपासून डब्याचंच लावतेय त्याला. आता माझ्या डाएटचं काही टेन्शन नाही."

बाळ काकूंच्या छातीशी तोंड घासत काहीतरी शोधू लागलं. काकू त्याला घेऊन उभ्या राहिल्या. एरवी रडणाऱ्या पोरासमोर कावळा, मांजर, पोलीस, सगळे आवाज काढणाऱ्या नीलाकाकूंना त्या वेळी एकही आवाज सुचला नाही.